टीदर नव्हे, पंपाचा व्हॉल्व्ह

> नणंदेने दिलेल्या ब्रेस्ट पंपाच्या पिशवीत हा पांढरा सिलिकॉनचा तुकडा निघाला. टीदर आहे का?

ताई, बाळाच्या हातात देऊ नका, घशात अडकेल. हा पंपाचा डकबिल व्हॉल्व्ह. फोटोत एक टोक गोल, उघडं आहे आणि दुसरं बदकाच्या चोचीसारखं चपटं, त्यावर बारीक चीर. तीच खूण. चोच बाटलीकडे ठेवून बसवतात.

कडेने हलकेच दाबून सोडा, चीर पूर्ण मिटली पाहिजे. उजेडात धरल्यावर फट दिसली तर व्हॉल्व्ह गेला. मोटर चालते, पण ओढ कमी पडते आणि आईला उगाच वाटतं की दूधच आटलं. धुताना चिरेत ब्रश घालू नका, फाटते. नवा घ्यायला लक्ष्मी रोडला जाल तर पंपाचं मॉडेल नीट बघून जा, मापं वेगवेगळी असतात.