मदत हवी आहे: बोट फिरवून टाइप करताना ‘मीठ’चं ‘मूठ’ होतंय

आमची छोटी खानावळ आहे. स्वयंपाकाच्या मावशींना मी फोनवर बोट न उचलता, इंग्रजी अक्षरांवरून फिरवत मराठीत निरोप टाकते. काल गेला, ‘आमटीत मूठ कमी आहे.’ मावशींनी मूठभर डाळ वाढवली.

कारण बहुतेक समजलंय. u, i, o ही अक्षरं वरच्या ओळीत शेजारी-शेजारी आहेत. mith लिहिताना m वरून i ला जाऊन डावीकडे t कडे वळायचं, तर वाटेत u लागतंच. वळण थोडं आधी घेतलं की muth, थोडं पुढे गेलं की moth. मीठ आणि मूठ दोन्ही खरे शब्द, त्यामुळे खाली लाल रेघ येत नाही. ‘मीठ टाकलं’ असतं तर ‘मूठ टाकलं’ खटकलं तरी असतं. ‘कमी आहे’ मात्र कुणालाही चालतं! ‘दीर आलेत’चं ‘दोर आलेत’ही असंच झालंय.

सूचनांतून ‘मूठ’ काढून टाकता येईल, पण मूठभर शेंगदाणे रोजच लागतात. शब्दकोशात ‘मीठ’ घालून उपयोग नाही, ते आधीच आहे.

i वर बोट क्षणभर थांबवलं किंवा वळण टोकदार घेतलं तर फरक पडतो का? की थेट देवनागरी कीबोर्डवर बोट फिरवणं बरं? तिथे ी आणि ू ची गल्लत कितपत होते? वापरणाऱ्यांनी कृपया सांगा. बोलून टाइप करा म्हणू नका, मिक्सर सुरू असतो.