दुसऱ्या क्षेत्रातल्या माणसाशी बोलायला गेलो, गप्पा झाल्या, हाती काही लागलं नाही

कोरी पाटी:
सहा वर्षं शाळेत विज्ञान शिकवतेय. आता टेक्निकल रायटिंगमध्ये जायचं आहे, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे लिहिणारी मंडळी असतात ना, ते काम. ओळखीतून एका रायटरची वेळ मिळाली. २० मिनिटं ठरली होती, बोलणं ४५ मिनिटं चाललं. फार आपुलकीने बोलले. घरी येऊन वही उघडली तर त्यात इतकंच: ‘लेखनाची आवड हवी’, ‘सतत शिकत राहा’, ‘डेडलाइनचं प्रेशर असतं’. मी विचारलं होतं की कामात काय आवडतं, आव्हानं कोणती आणि मी काय करू. पुढच्या आठवड्यात आणखी एकींशी बोलायचंय. काय विचारू?

अर्धविराम:
मी ११ वर्षं हेच काम करतोय आणि महिन्यातून एखादी अशी विनंती येतेच. खरं सांगायचं तर ‘आव्हानं कोणती’ असं कुणी विचारलं की माझ्या तोंडून ठरलेलं उत्तर निघतं. दहा जणांना तेच दिलंय. मी खोटं बोलत नसतो, पण आठवायची गरजच पडत नाही.

म्हणून मत विचारू नका, घडलेलं विचारा. ‘तुम्ही अलीकडे पूर्ण केलेलं एखादं पान घ्या. ते काम तुमच्याकडे कसं आलं, आणि तिथून ते वाचकांपर्यंत पोचेपर्यंत काय काय झालं?’ मला हे विचारलंत तर मी काय सांगेन बघा. मागच्या आठवड्यात लॉगिनच्या नव्या पद्धतीवर एक पान लिहिलं, साधारण ८०० शब्दांचं. लिहायला अर्धा दिवस लागला. त्याआधी दीड दिवस ती गोष्ट नक्की चालते कशी हे शोधण्यात गेला, कारण मला मिळालेल्या टिपणात दोन ओळी होत्या. मग लिहिलेल्या पायऱ्या स्वतः करून पाहिल्या, तर तिसऱ्या पायरीला एरर. डेव्हलपरने आदल्या रात्री बटणाचं नाव बदललं होतं आणि मला सांगितलं नव्हतं. स्क्रीनशॉट पुन्हा काढले. ड्राफ्ट तपासायला दोघांना पाठवला. एकाने तासाभरात परत केला, दुसऱ्याने चार दिवस उघडलाच नाही. शेवटी त्याच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो, तेव्हा पाच मिनिटांत काम झालं.

यातून तुम्हाला जे कळलं ते ‘लेखनाची आवड हवी’मधून कळलं असतं का? या कामात लिहिणं हा लहान तुकडा आहे. उरलेला वेळ शोधाशोध आणि लोकांच्या मागे लागणं. शोधाशोध आवडते पण मागे लागणं जमत नाही, अशी माणसं इथे दोन वर्षांत कंटाळतात.

दुसरा प्रश्न नोकरी मिळण्याबद्दल. ‘काय पात्रता लागते’ विचारलंत तर जाहिरातीतला मजकूर ऐकू येईल. त्याऐवजी विचारा, ‘तुमच्या टीममध्ये सगळ्यात शेवटी कोण आलं? आधी काय करत होते? अर्जात काय पाहून बोलावलं?’ आमच्याकडे शेवटची आली ती लॅबमध्ये काम करायची. तिने अर्जाबरोबर एका उपकरणाच्या वापराची दोन पानं जोडली होती. ती वाचून आम्हाला ते उपकरण न बघता कळलं, म्हणून बोलावलं. तिच्या सर्टिफिकेटकडे कुणी पाहिलं नाही.

रोखठोक:
अर्धविराम, मुद्दा कळला, पण हे संभाषण आहे की उलटतपासणी? समोरचा माणूस चांगुलपणाने वेळ काढतो आणि तुम्ही त्याला ‘मागच्या आठवड्यातलं सांगा’ म्हणून कोपऱ्यात घेता. शिवाय कंपनीच्या आतल्या गोष्टी तो कशाला सांगेल? बऱ्याच जणांनी गुप्ततेच्या करारावर सही केलेली असते.

आणि मूळ ढोंग वेगळंच. नोकरी हवी असते म्हणून भेटायचं आणि म्हणायचं ‘मला फक्त माहिती हवी आहे’. समोरच्याला काय कळत नाही? सरळ सांगावं की काम शोधतोय, काही असेल तर कळवा.

संध्याछाया:
मलाही हाच त्रास झाला. इंटरव्ह्यूत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ म्हणाले, मी पगार विचारला आणि चेहरे बदलले. त्यामुळे कोरी पाटी, पगाराचं पहिल्या फेरीत काढू नका. एचआरचा फोन येईल तेव्हा बोला.

कोरी पाटी:
संध्याछाया ताई, इंटरव्ह्यू नाहीये हो, मी अजून कुठे अर्जच केलेला नाही. फक्त समजून घ्यायला भेटतेय. पण पगाराचं तुम्ही काढलंत ते बरं झालं, मला तेही विचारायचं होतं आणि धीर झाला नाही.

अर्धविराम:
पगार जरूर विचारा, फक्त त्यांचा नको. ‘नवीन येणाऱ्याला साधारण कुठून कुठपर्यंत मिळतं’ याला लोक बिनदिक्कत उत्तर देतात. अशा भेटीत हे चालतं, कारण टेबलावर नोकरीच नसते. इंटरव्ह्यूत संध्याछायांचं म्हणणं बरोबर असेलही.

रोखठोक, गुप्ततेचं मान्य. म्हणूनच पानावर काय लिहिलं होतं ते विचारायचं नाही, पान कोणाकोणाच्या हातून गेलं ते विचारायचं. वर मी जे सांगितलं त्यात कंपनीचं नाव नाही, प्रॉडक्ट नाही, तरी कामाचं चित्र आलं ना? कोणी अडखळलं तर ‘नावं सोडून सांगा’ म्हणायचं. आणि कोपऱ्यात घेतल्यासारखं म्हणाल तर अनुभव उलटा आहे. आव्हानांबद्दल बोलताना मी घड्याळ बघतो. त्या चार दिवस न उघडलेल्या ड्राफ्टबद्दल विचारा, अर्धा तास बोलेन.

नोकरीचं मात्र पटत नाही. ‘काही असेल तर कळवा’ म्हटलं की माझ्याकडे एकच वाक्य उरतं: ‘रेझ्युमे पाठवा.’ जागा नसली तर मी अवघडतो, असली तर सावध होतो. दोन्हीकडे बोलणं बंद. क्षेत्र बदलायचा विचार आहे हे मोकळेपणाने सांगावं, ते ढोंग नाही. फक्त त्या २० मिनिटांत जागा मागू नये.

मधला बाक:
भेटायचं कुणाला, हे जास्त महत्त्वाचं नाही का? जवळच्या ओळखीचा काही उपयोग नसतो, जेवढा लांबचा माणूस तेवढा फायदा. ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हेच मांडलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोक त्या माणसाला वरचेवर भेटत होते. बाकीच्यांना क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्याकडून कळलं. सरळ अनोळखी लोकांना मेसेज करा.

अर्धविराम:
आकडा बरोबर आहे, निष्कर्ष जरा ताणलाय. त्याच पाहणीत सगळ्यात मोठा गट, निम्म्याहून अधिक, ‘अधूनमधून भेटणाऱ्यां’चा होता. क्वचित भेटणारे त्याच्या साधारण निम्मे. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या डेटावर मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यातही मध्यम सैल ओळखी सगळ्यात उपयोगी ठरल्या. अगदी तुटक ओळखी नव्हेत. शिवाय ते सगळं नोकरी मिळण्याबद्दल आहे. काम समजून घ्यायला कोण बरं, हा प्रश्नच निराळा.

एकटा ढग:
मी हे काम सात वर्षं करून सोडलं, म्हणून एक वेगळी बाजू. अर्धविरामांचे प्रश्न चांगले आहेत, पण उत्तर एकाच माणसाचं असतं आणि ते ऐकायला इतकं खरं वाटतं की आपण त्यालाच क्षेत्र समजतो. मी तीन वर्षं लोकांना सांगत होतो की या कामात रायटरला मीटिंगला बोलावत नाहीत, सगळं शेवटी कळतं. मग कंपनी बदलली. तिथे रायटर पहिल्या दिवसापासून डिझाइनच्या चर्चेत. म्हणजे मी क्षेत्राबद्दल नाही, माझ्या जुन्या मॅनेजरबद्दल सांगत होतो!

म्हणून तोच प्रश्न, त्याच शब्दांत, निदान तिघांना विचारा: एक लहान कंपनीतला, एक मोठ्या, एक सोडून गेलेला. तिघांकडून जे सारखं येईल ते या कामाचं. जे वेगळं येईल ते त्या जागेचं, आणि ते तुम्ही पुढे इंटरव्ह्यूत विचारायचं. सोडून गेलेला माणूस कसा मिळणार? शेवटच्या दोन मिनिटांत विचारा, ‘तुमच्याबरोबर सुरुवात केलेलं, पण आता हे काम न करणारं कोणी आहे का?’ ‘आणखी कोणाशी बोलू’ म्हटलं की लोक आपल्यासारख्याच माणसाचं नाव देतात.

आणि ‘तुम्ही या क्षेत्रात कसे आलात’ हा प्रश्न गोड आहे, पण १५ वर्षांपूर्वी आलेल्याला विचारून उपयोग कमी. तो ज्या दारातून आला ते दार बहुधा बुजलेलं असतं.

रोखठोक:
एकटा ढग यांच्याशी सहमत, पण तीन भेटी मिळवायला नव्या माणसाला पंधरा मेसेज पाठवावे लागतील. पोटापाण्याचं निकडीचं असेल त्याला हे सगळं चैनीचं वाटतं. माझ्या भाच्याने सरळ मागितली आणि मिळाली.

एकटा ढग:
मिळाली, छान. टिकला का तिथे?

रोखठोक:
आठ महिने. पण त्याची कारणं वेगळी होती.

कोरी पाटी:
सर्वांचे आभार. कालच भेट झाली, सांगायला आले.

एका पानाचा प्रवास विचारला. त्या जरा थांबल्या, मग ‘थांबा, खरंच सांगते’ म्हणाल्या आणि २० पैकी १२ मिनिटं त्यातच गेली. त्यांच्या कंपनीत स्क्रीनशॉट जवळजवळ टाळतात, कारण स्क्रीन बदलली की ते सगळे पुन्हा काढावे लागतात. आणि पानं डेव्हलपरच्या कोडसारखीच जपली जातात: कुणी काय बदललं याची नोंद राहते, दुसऱ्याने मान्य केल्याशिवाय पान बाहेर जात नाही. पण तपासणाऱ्याच्या मागे लागणं तिथेही आहे. शब्द जवळपास अर्धविरामांचेच! वर्गात प्रगतिपुस्तकांवर सह्या मिळवण्यात माझी सहा वर्षं गेली आहेत, त्यामुळे ते मला जमेल असं वाटतं.

शेवटी कोण आलं हे विचारलं, तर उत्तर मिळालं की दोन वर्षांत कोणालाच घेतलेलं नाही. यावर पुढे काय विचारायचं ते सुचलं नाही, गप्प बसले.

एक घोळही झाला. मी प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकावर मुलांसाठी लिहिलेलं पान सोबत नेलं होतं. ‘यात तुम्ही कुठे अडखळाल?’ म्हणून पुढे केलं. त्यांनी चाळलं, ‘छान आहे’ म्हणाल्या आणि विषय बदलला. चुकलं का?

अर्धविराम:
दोन वर्षांत कोणी नाही, हीच त्या भेटीतली मोठी माहिती आहे. पुढचा प्रश्न असा हवा होता: ‘मग वाढलेलं काम कोण करतंय?’ डेव्हलपर स्वतः लिहीत असतील, बाहेरून लिहून घेत असतील किंवा पानं जुनीच पडून असतील. तिन्हींचा अर्थ तुमच्यासाठी वेगळा. आभाराच्या मेलमध्ये एका ओळीत विचारता येईल, आणि आजच पाठवा.

पानाचं म्हणाल तर समोर बसून कोणी खोट काढत नाही. कागद मागे ठेवून आला असतात, किंवा मेलला जोडून ‘पहिली अडखळलेली ओळ फक्त सांगा’ म्हटलं असतं, तर उत्तर आलं असतं.

रोखठोक:
किंवा आलं नसतं. पहिल्याच भेटीत गृहपाठ दिल्यासारखं आहे ते. मी असतो तर मीही ‘छान आहे’च म्हणालो असतो.

एकटा ढग:
इथे मी रोखठोकांच्या बाजूने. पान या भेटीत नको होतं. पण ते पान इथे टाकाल का? सूक्ष्मदर्शकाला हात लावून मला २० वर्षं झालीत. कुठे अडखळतो ते मी सांगतो.