मदत हवी आहे: ऊसतोड मजुरांच्या मुलीला दाखल्याअभावी शाळेत घेत नाहीत

आमच्या करवीर तालुक्यातल्या गावाजवळ बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरल्यात. त्यांतली एक दहा वर्षांची मुलगी तिसरीनंतर शाळेतच गेलेली नाही. फडावर आईबरोबर मोळ्या बांधते. मी तिला जवळच्या शाळेत नेलं. मुख्याध्यापक म्हणाले, "आधी जुन्या शाळेचा दाखला आणि जन्मदाखला आणा. आणि घेतलं तरी तिसरीतच बसवू."

मी २००९चा शिक्षण हक्क कायदा वाचला. कलम ५ सांगतं की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. आणि कलम ४ प्रमाणे तिला वयानुरूप, म्हणजे पाचवीच्या वर्गात घेऊन राहिलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणाने भरून काढायचा. तिसरीत लहान मुलांत बसवलं तर ती चार दिवसांत परत फडावर जाईल, हे मला स्पष्ट दिसतंय. स्थलांतरित मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी तर कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावरच टाकली आहे.

अडचण अशी की कलम ३२ खाली लेखी तक्रार केली, तर निकालाला तीन महिन्यांची मुदत आहे. तोवर हंगाम संपून टोळी गावी परतेल.

गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून आठवडाभरात लेखी आदेश कुणी मिळवलाय का? अर्जात काय लिहिलं होतं? आणि गावी परतताना इथल्या शिक्षणाची नोंद तिच्या हाती कशी द्यायची? शिक्षण हमी कार्ड कुणी भरून घेतलं असेल तर कृपया सांगा.