जाऊन की जावून? दोन स्वर शेजारी आले की काय होतं

अनघा: ‘जाऊन, येऊन, देऊन’ असं लिहायचं की ‘जावून, येवून, देवून’? सगळीकडे दोन्ही दिसतं. बोलताना मला तर ‘व’ ऐकू येतो. मग लिहायला काय हरकत आहे?

मुद्रितशोधक: ‘जाऊन’ बरोबर. धातूला ‘-तो’ लावून बघा. जातो, येतो, देतो, घेतो, खातो, होतो, पितो. यांत कुठेच ‘व’ नाही, म्हणून जाऊन, येऊन, देऊन, घेऊन, खाऊन, होऊन, पिऊन. आता ठेवतो, धावतो, लावतो, जेवतो. इथे ‘व’ धातूचाच आहे, म्हणून ठेवून, धावून, लावून, जेवून. चूक उलट्या बाजूनेही होते. ‘ठेऊन’ आणि ‘जेऊन’ रोज खोडावे लागतात.

एक सावधगिरी. संगणकावर सरसकट ‘वून’ शोधून ‘ऊन’ करू नका. मिळवून, दाखवून, बसवून, रंगवून हे सगळे बिघडतील. त्यापेक्षा स्वरान्त धातू तेवढे तपासा: जा, ये, दे, घे, ने, खा, गा, न्हा, हो, पी, भी. यादी एवढी छोटी आहे, की काम पटकन होतं.

रामभाऊ: पण ‘जावे’ मध्ये ‘व’ आहे ना? ‘जावं लागेल’ म्हणतो आपण. म्हणजे धातूत ‘व’ लपलेला आहे. त्या हिशेबाने ‘जावून’ चूक म्हणता येणार नाही.

शेवंती: रामभाऊ, तो ‘व’ धातूचा नाही, ‘-आवे’ या प्रत्ययाचा आहे. ‘कर’ला तोच प्रत्यय लावला की ‘करावे’ होतं. तिथला ‘व’ कोणी ‘कर’चा मानत नाही. जा + आवे यात दोन ‘आ’ शेजारी आले आणि एक गळला, म्हणून ‘जावे’. खा, गा यांचंही तसंच.

अनघा, तुम्हाला ‘व’ ऐकू येतो हे मात्र अगदी खरं आहे. ‘आ’वरून ‘ऊ’वर जाताना ओठ गोल होऊ लागतात आणि त्या वाटेवर ‘व’सारखा ध्वनी येतोच. पण ‘ऊ’ म्हणताना ओठ तसेही गोल असतात, त्यामुळे ‘आऊ’ आणि ‘आवू’ यांतला फरक कानाला जवळजवळ कळत नाही. ‘खाऊन’ आणि ‘चावून’ भरभर म्हणून बघा, शेवट सारखाच ऐकू येतो. म्हणूनच जावून आणि ठेऊन या दोन उलट चुका एकाच माणसाच्या हातून होतात. कान इथे मदत करत नाही, धातूच बघावा लागतो.

पुढचा स्वर ‘आ’ असला की चित्र बदलतं. जाऊ–जावा, सासू–सासवा, ऊ–उवा. इथे ‘व’ स्पष्ट आहे आणि तो लिहावाच लागतो. ‘ई’च्या बाजूला ‘य’ येतो: सुई–सुया, लढाई–लढाया, बी–बिया.

रामभाऊ: मग पावसात, देवळात, पावलावर हे बघा. ‘व’ आहेच की. ‘पावूस, देवूळ’ लिहायला हवं मग.

शेवंती: इथे तुमचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष तेवढा उलटा आहे. ‘पाऊस’मधला ‘ऊ’ हा मूळचा, आणि पुढे ‘आ’ आला की तोच ‘व’ होतो. कापूस–कापसात, लसूण–लसणाची या जोड्या शेजारी ठेवा. शब्दाच्या आतला ‘ऊ’ पुढे ‘आ’ आल्यावर अशक्त होतो हे सगळीकडे सारखं. ‘कापूस’मध्ये त्याच्या आधी व्यंजन आहे, म्हणून तो गळून गेला तरी चालतं. ‘पाऊस’मध्ये आधी ‘आ’ आहे; ‘ऊ’ पुरता गेला तर स्वर थेट स्वराला भिडेल, म्हणून तो ‘व’ होऊन मध्ये उभा राहतो. तेव्हा ‘-तो’ची कसोटी क्रियापदांपुरतीच ठेवा. नामांच्या सामान्यरूपातला ‘व’ बघून मूळ शब्दात ‘व’ घालायचा नाही.

दत्ता: माझं कपडे धुण्याचं दुकान आहे. पाटी रंगवायला द्यायची आहे. ‘कपडे धुऊन मिळतील’ की ‘धुवून’? पेंटर म्हणतो धुवून.

मुद्रितशोधक: ‘धुतो’ म्हणत असाल तर ‘धुऊन’. मी पाटीवर तेच लिहीन.

शेवंती: पेंटरला चूक ठरवायला मी धजणार नाही. ‘कपडे धुवतो’ म्हणणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या बोलीत धातूच ‘धुव’ झालेला आहे. तुमच्याच कसोटीने त्यांचं ‘धुवून’ बरोबर ठरतं.

मुद्रितशोधक: बोलीपुरतं मान्य. छापताना मी एकच रूप ठेवेन.

अनघा: मला आता वेगळीच शंका आली. दे–द्यावे, घे–घ्यावे, पी–प्यावे, यांत ‘ए’ किंवा ‘ई’ स्वतःच ‘य’ झाली. नदी–नद्या, वाटी–वाट्या यांतही तेच. मग ‘बी’चं ‘ब्या’ का नाही? ‘बिया’, ‘स्त्रिया’ यांत ‘इ’ टिकून राहिली आणि वर ‘य’ही आला.

शेवंती: छान पकडलंत. नदी + आ मध्ये ‘ई’चा ‘य’ झाला तरी ‘नद्या’ दोन अक्षरी राहतो. ‘बी’चं तसं केलं तर ‘ब्या’ हे एकच अक्षर उरेल. मूळ शब्द त्यात ओळखू येणं अवघड. म्हणून स्वर ऱ्हस्व करून ठेवायचा आणि ‘य’ मध्ये घालायचा. ‘ऊ’चं ‘उवा’ याच कारणाने. ‘प्यावे’मध्ये प्रत्ययच दोन अक्षरी आहे, त्यामुळे तिथे अडचण येत नाही.

कोकणकडा: मग ‘धू’चं ‘धुवावे’ का? ‘प्यावे’सारखं ‘ध्वावे’ व्हायला हवं होतं. आणि ‘हो’चं ‘व्हावे’ होतंच की.

शेवंती: ‘व्हावे’ समजतं: हो + आवे, ‘ओ’चा ‘व’ झाला, ‘ह्वावे’, आणि मराठी जीभ ‘ह्व’ला उलटवून ‘व्ह’ करते, जसं ‘जिह्वा’ला आपण ‘जिव्हा’ म्हणतो. ‘गहू’चं ‘गव्हाचं पीठ’ होतं तेही असंच. ‘धू’बद्दल मात्र माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. ‘ध्व’ने सुरू होणारे ‘ध्वज’, ‘ध्वनी’ सारखे शब्द संस्कृतातून आलेले आहेत, घरगुती शब्दांत ही जोडणी नकोशी असावी, एवढंच सुचतं.

कोकणकडा: हे फार जुनं आहे, एवढं नोंदवतो. प्राकृतात दोन स्वरांमधली व्यंजनं गळली आणि स्वरांना स्वर भिडले. ‘कुंभकार’चं ‘कुंभआर’ झालं, तिथे एक स्वर गळून ‘कुंभार’. ‘पाद’चं ‘पाअ’ झालं, तिथे ‘य’ येऊन ‘पाय’. ‘घात’मध्ये मात्र ‘व’ आला आणि ‘घाव’ झाला. हेमचंद्राने 12व्या शतकात आपल्या प्राकृत व्याकरणात ‘अ’पाशी येणाऱ्या या ‘य’ची नोंद केली आहे, ‘यश्रुति’ म्हणून.

अनघा: म्हणजे ‘गेला आहे’चं ‘गेलाय’ हेही तेच?

शेवंती: तेच. आधी ‘आहे’मधला ‘ह’ पडतो, मग ‘आ’ला ‘आ’ भिडून एक जातो, आणि उरलेला ‘ए’ ‘य’ होतो. ‘करतो आहे’चं ‘करतोय’ तसंच. ‘आली आहे’ला मात्र लोक ‘आलीय’ही लिहितात आणि ‘आलीये’ही. मी ‘आलीय’ लिहिते.

रामभाऊ: आमच्याकडे ‘आलीये’च ऐकू येतं, शेवटचा ‘ए’ अगदी स्पष्ट. ‘गेलाये’ मात्र कोणी म्हणत नाही.

मुद्रितशोधक: संवादात ‘आलीये’ असलं तर मी ते बदलत नाही. ‘व्हिडिओ’चं ‘व्हिडियो’ केलेलं मात्र बदलतो.