मदत हवी आहे: सोसायटीच्या ग्रुपवरच्या उपरोधामुळे खजिनदार काका दुखावले, आता काय लिहावं?

नेरुळची_अ‍ॅडमिन
आमची सोसायटी नेरुळला, सात मजल्यांची. निम्मी घरं मराठी, बाकी मल्याळी, तमिळ, गुजराती. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मी सांभाळते. मागच्या आठवड्यात लिफ्ट बंद होती, तेव्हा सातव्या मजल्यावरच्या एका तरुणाने लिहिलं: "कमिटीचं मनःपूर्वक अभिनंदन! जिने चढून सगळ्यांची तब्येत सुधारतेय 🙂"

खजिनदार काका मल्याळी आहेत, सत्तरीचे. लिफ्ट कंपनीच्या मागे रोज तेच लागले होते. त्यांनी उत्तर दिलं, "थँक यू बेटा, सगळ्यांचं टीमवर्क." त्याखाली 😂 आणि 💀 ची रांग लागली. संध्याकाळी कुणीतरी त्यांना खरा अर्थ समजावला. ते ग्रुपमधून बाहेर पडले आणि खजिनदारपदाचा राजीनामाही दिला. तो मेसेज लिहिणारा मुलगा म्हणतो, रोख सेक्रेटरींवर होता. काकांना काय आणि कुठे सांगावं? आणि पुढे ग्रुपवर काय पाळावं?

ठाणे_पश्चिम
सोपं आहे. उपरोध असला की शेवटी इमोजी टाकायची सक्ती करा. नाहीतर इंग्रजी फोरमवर लिहितात तसं `/s`. प्रश्न मिटला.

नेरुळची_अ‍ॅडमिन
इमोजी होती ना. त्या 🙂 मुळेच काकांना ते मनापासूनचं वाटलं. मुलांमध्ये तीच खूण "तोंडावर हसू, मनात राग" अशी चालते. आणि 💀 म्हणजे "हसून मेलो" हे काकांना कोण सांगणार? `/s` तर आमच्याकडे चार जणांनाही कळणार नाही.

भाषाशिक्षक_वाशी
मी बरीच वर्षं अमराठी लोकांना मराठी शिकवतो. "काय तत्पर कमिटी आहे हो!" हे बोलताना आपण सूर लांबवतो, भुवई उडवतो. लिहिताना ते सगळं गळतं, पण लिहिणाऱ्याच्या कानात स्वतःचा सूर वाजत राहतो, म्हणून त्याला वाटतं की वाचणाऱ्यालाही तो ऐकू येतोय. 2005 मध्ये क्रूगर, एप्ली आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं. ईमेलमधला उपरोध आणि गांभीर्य समोरचा सुमारे 78 टक्के वेळा ओळखेल असं लिहिणाऱ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात 56 टक्के ओळखलं गेलं, म्हणजे छापा-काट्यापेक्षा जेमतेम बरं. ते विद्यार्थी होते, एका वयाचे, एकाच विद्यापीठातले. तुमच्याकडे तर वय आणि मातृभाषा दोन्ही वेगळी.

तुमच्या प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे. काका खरंच धावपळ करत होते, त्यामुळे अभिनंदन त्यांना पटण्यासारखंच होतं. उपरोधाचा सरळ अर्थ जिथे शक्य वाटतो तिथे तो हमखास फसतो. म्हणून पाठवण्याआधी वाक्य एकदा अगदी प्रामाणिक सुरात मोठ्याने वाचायचं. तसंही ते नीट बसलं, तर कुणीतरी ते तसंच वाचणार.

डोंबिवलीची_आई
माझा मुलगा परदेशी असतो. मी "ठीक आहे." लिहिलं की विचारतो, आई चिडलीस का? शाळेत शिकवलेला पूर्णविराम आहे तो! माझं कुणी ऐकतच नाही.

भाषाशिक्षक_वाशी
ताई, त्याचं कारणही तेच. त्याच्या वयाच्या मुलांमध्ये संदेश पाठवला की वाक्य संपलंच, म्हणून जास्तीचा पूर्णविराम त्याला मुद्दाम दिल्यासारखा वाटतो. एकदा फोनवर सांगून टाका.

घणसोली_सभासद
पण मग टोमणे बंदच करायचे का? साध्या तक्रारीला आमची कमिटी उत्तरच देत नाही. टोमणा मारला की हलते.

भाषाशिक्षक_वाशी
विनोद ठेवा, पण माणसावर नको, वस्तूवर करा. आणि आधी सरळ मागणी लिहा. उदाहरणार्थ: "लिफ्ट चार दिवस बंद आहे. वरच्या मजल्यावरच्या आजारी माणसांचे हाल होतात. दुरुस्ती कधी होणार ते आज कळवा. लिफ्टबाई माहेरी गेल्या असतील तर परतीची तारीख तरी सांगा." लिफ्ट माहेरी जात नाही हे कुठल्याही भाषेच्या माणसाला कळतं. आणि विनोद कळला नाही तरी मागणी पोचते.

घणसोली_सभासद
मागणी पोचेल, पण झोंबणार नाही. मला तेवढं पटलं नाही.

नेरुळची_अ‍ॅडमिन
मला पटतंय. पण काकांचं काय?

भाषाशिक्षक_वाशी
त्या मुलाने घरी जाऊन भेटावं. "गंमत होती, मनावर घेऊ नका" असं म्हणू नये, त्याने दोष काकांच्या समजुतीवर जातो. "रोख तुमच्यावर नव्हता, पण तुमचं हसं झालं, त्याबद्दल माफ करा" एवढं बोलावं. ग्रुपवरही एक सरळ ओळ हवी, कारण हसं सगळ्यांसमोर झालं.

ठाणे_पश्चिम
ग्रुपवर नको, विषय पुन्हा उकरला जाईल.

नेरुळची_अ‍ॅडमिन
ते काकांनाच विचारते. मुलगा उद्या जायला तयार आहे. पण ज्यांनी नुसत्या इमोजी टाकल्या त्यांना काही सांगू का? ते म्हणतात, आम्ही तर एक शब्दही लिहिला नाही.

भाषाशिक्षक_वाशी
जरूर सांगा, एकेकाला वेगळं. मुलाचा मेसेज काकांना आवडला होता. दुखलं ते त्यांच्या "थँक यू" खालच्या हसण्याने.