मदत हवी आहे: लाली घालवणारे थेंब सुटत नाहीत

आम्ही हर्णैचे. माझा धाकटा दीर बोटीवर जातो. खारा वारा, डिझेलचा धूर, रात्रीची जागरणं, त्यामुळे डोळे लाल. गणपतीत त्याने मेडिकलमधून नॅफाझोलिनचे थेंब आणले. पाच मिनिटांत डोळे पांढरेशुभ्र! तेव्हा दिवसातून एकदा घालायचा, आता शिमगा आला तर पाच-सहा वेळा. तरी दोन तासांत डोळे पहिल्यापेक्षा लाल.

दापोलीच्या डॉक्टरांनी बाटली बघूनच ओळखलं. म्हणाले, हे थेंब डोळ्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, मूळ त्रास बरा करत नाहीत. असर उतरला की त्या वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात, म्हणून माणूस पुन्हा थेंब घालतो. दोन-तीन दिवसांपलीकडे वापरायचेच नसतात. आता पूर्ण बंद, फक्त अश्रूंसारखे साधे थेंब आणि गार पाण्याची पट्टी.

आज चौथा दिवस. डोळे रक्तासारखे लाल आहेत, दुखत नाहीत, दिसतंय नीट. दुखलं किंवा अंधुक दिसलं तर लगेच या, असं सांगितलंय. पण तो बाटली परत मागतोय.

कुणी हे थेंब सोडलेत का? लाली किती दिवसांनी उतरली? आणि बोटीवर वाऱ्यापासून डोळे कसे जपता?