विषय: मोचू हागाकी, चिची की गिफु?

नमस्कार मंडळी,
मोचूत, म्हणजे शोककाळात, नववर्षाच्या शुभेच्छा पाठवणार नाही हे इथे जपानमध्ये कार्डाने कळवतात, त्याच्या प्रिंटिंगची ऑर्डर आज रात्री द्यायची आहे. बाबा (सासरे) ऑक्टोबरमध्ये कोल्हापुरात गेले. फॉर्मवर नातं निवडायचंय, चिची म्हणजे वडील की गिफु म्हणजे सासरे? कार्ड आमच्या दोघांच्या नावाने जाणार. शिवाय नववर्षाच्या शुभेच्छांची ४० नेंगाजो घेऊन ठेवलीत, त्यांवरच छापू का?
सायली

---

सायली, वाईट वाटलं गं. पण आपलं सुतक तेरा दिवसांचं, ते संपलं. कशाला कार्डं?
मिलिंद

---

मिलिंद, तेरावं झालं तरी वर्षभर सण करत नाहीत ना? आमचे बाबा गेले तेव्हा दिवाळीचा फराळ शेजाऱ्यांनी आणून दिला होता. सायली, या दिवाळीला काही केलंस का? सांगितलं असतंस तर चकल्या दिल्या असत्या.
अनघा

---

सायली, दोघांच्या नावाने असेल तर नातं नवऱ्याच्या बाजूने, म्हणजे चिची. एकटीच्या नावाने पाठवलंस तरच गिफु. नेंगाजोवर मुळीच छापू नकोस, ते शुभेच्छांचं कार्ड. पोस्टात घेऊन जा, घरात मृत्यू झाला म्हणून सांग, साधी हागाकी फुकट बदलून देतात. ऑर्किडवालं माग. एरवी बदलायला पैसे पडतात.
मजकूर एवढाच: मोचू नि त्सुकी शिन्नेन नो गोआइसात्सु ओ शित्सुरेई इताशिमासु. खाली बाबा कधी गेले ते आणि वर्षभराचे आभार. ‘नेंगा’ शब्द नको, त्यातलं ‘गा’ आनंदाचं. स्वल्पविराम, पूर्णविरामही नकोत. नवीन पत्ता वगैरे बातम्या तर नकोतच. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोचलं पाहिजे, १५ तारखेपासून पोस्ट नेंगाजो घ्यायला लागतं, म्हणजे तोवर लोकांची लिहून होतात.
(हे सगळं मी दोन वर्षांपूर्वी इथेच लिहिलं होतं. लिस्ट कोणी शोधत नाही.)
सुहास

---

सुहासकाका, पूर्णविरामाचं आमच्या ऑफिसात कोणी पाळत नाही. आणि हे कार्ड गेलं की समोरच्याने नेंगाजो पाठवायचंच नाही, असा नियम आहे.
मिलिंद

---

नियम नाही रे. कार्डात एवढंच म्हटलेलं असतं की आम्ही पाठवणार नाही. समोरचे आपणहून थांबतात.
सुहास

---

माझी आजी २३ डिसेंबरला गेली होती. कार्डं पोस्टात पडून झाली होती, मग काय करणार! ज्यांची आली त्यांना ७ जानेवारीनंतर कान्चू मिमाई, म्हणजे थंडीत विचारपूस करणारं कार्ड, पाठवलं, त्यात कळवलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतं ते. पण आजी वेगळ्या घरात राहायची, तर कळवायचं होतं का, यावर आमच्याकडे अजून वाद आहे.
केतकी

---

चिची टिकलं, ऑर्डर दिली. पोस्टातल्या बाईंनी काही न विचारता ४० बदलून दिली.
आता नवऱ्याचं म्हणणं, मुलीच्या मैत्रिणींना पाठवायचं नाही, त्या सात वर्षांच्या आहेत. मुलगी म्हणते, मग मी त्यांना नेंगाजो पाठवते. कोणी सांगेल का?
सायली

---

पाठवू दे. आजोबा तिचे, पण मैत्रिणीही तिच्याच.
अनघा

---

अनघा, आजोबा मोचूत येतात!
सुहास